तीस तयार व्हिडिओंचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. कॅमेऱ्यासमोर यायला मला मुळीच आवडत नाही. एक एजन्सी यूट्यूबसाठी इतिहासातल्या गूढ घटनांवर ३० व्हिडिओ करून द्यायला तयार आहे. आवाज त्यांचा, फुटेजही त्यांचंच. खर्च माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा आहे आणि बचतही जेमतेम तेवढीच. पैसे घालू का?

उत्तर : घालू नका. चेहरा न दाखवता चॅनेल चालतं, त्याबद्दल शंका नाही. पण हा सौदा तुमच्या फायद्याचा नाही.

जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. (शॉर्ट्सची अट वेगळी आहे, ती इथे सोडून देऊ.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका वेळी लोक सरासरी चार मिनिटं थांबले, तर ६०,००० व्ह्यूज हवेत. तीस व्हिडिओंत वाटले तर प्रत्येकी २,०००. एजन्सीवाले बहुधा हाच आकडा पुढे करतील, आणि तो आवाक्यातला वाटतोही.

पण या व्ह्यूजनी फक्त दार उघडतं, तोवरच्या व्ह्यूजचे तुम्हाला काही मिळत नाही. खर्च भरून यायला किती व्ह्यूज लागतील, हा हिशोब वेगळा. एका व्हिडिओचा खर्च घ्या, त्याला दर हजार व्ह्यूजमागे हाती पडणाऱ्या रकमेने भागा आणि हजाराने गुणा. समजा, व्हिडिओला १०० लागले आणि यूट्यूबचा हिस्सा कापून हजारामागे २ मिळाले. मग त्या एका व्हिडिओला ५०,००० व्ह्यूज हवेत आणि तीस व्हिडिओंना १५ लाख. म्हणजे दार उघडायला लागले त्याच्या पंचवीसपट. विषय आणि प्रेक्षक कुठले यावर हा दर खूप बदलतो, तेव्हा १०० आणि २ च्या जागी एजन्सीचा भाव आणि तुमच्या विषयाचा सावध अंदाज घालून बघा.

त्यातही चॅनेल मंजूर होईलच असं नाही. अर्ज आला की यूट्यूब चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि नवे व्हिडिओ असं सगळं मिळून तपासतं. स्टॉक फुटेजवर स्वतःचं खरं निवेदन चालतं. एकाच साच्यातून काढलेला, फारसा फरक नसलेला माल चालत नाही. १५ जुलै २०२५ पासून तर त्या नियमाचा शब्दही अधिक स्पष्ट केला आहे. एजन्सीचा नमुना व्हिडिओ मागून घ्या, त्यातली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी शोधून पाहा. तीच स्क्रिप्ट, तीच जुन्या किल्ल्याची ड्रोन क्लिप आणखी चार चॅनेलांवर दिसली, तर तुम्ही काय विकत घेताय ते कळेल.

दुसरी अडचण परवान्याची. स्टॉक क्लिप आणि पार्श्वसंगीत एजन्सीच्या वर्गणीतून आलेलं असेल, तर परवाना त्यांच्या नावावर असतो. उद्या संगीतावर कुणी हक्क सांगितला, तर त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई त्याच्याकडे जाऊ शकते. दाद मागायला लागणारा कागद तुमच्याकडे नसेल.

आता तुमच्याजवळ काय आहे ते बघू. तुम्ही रोज स्प्रेडशीटमध्ये ताळे जुळवता. बँक स्टेटमेंट आणि खातेवही का जुळत नाही, हे स्क्रीन रेकॉर्ड करून दाखवायला ना चेहरा लागतो, ना स्टॉक फुटेज. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ आणि आवाज भरायला ऑडॅसिटी, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. खर्च फक्त बऱ्यापैकी यूएसबी माइकचा, आणि त्यावर कंजूषी करू नका : धूसर चित्र लोक सोसतात, खरखरणारा आवाज सोसत नाहीत. आधी स्क्रीन रेकॉर्ड करा, आवाज नंतर स्क्रिप्ट वाचून वेगळा भरा, म्हणजे अडखळलात तर तेवढंच वाक्य पुन्हा घेता येतं. शीट मोठी करून ठेवा, नाहीतर मोबाइलवर आकडे वाचता येत नाहीत. नोटिफिकेशन बंद ठेवा. आणि ऑफिसची फाइल कधीच उघडू नका, काल्पनिक नावांची वेगळी शीट बनवा. त्यात चूक झाली तर नोकरीवरच बेतेल. बाहेरच्या कामाबद्दल नेमणूकपत्रात काय लिहिलंय, तेही आधी वाचा.

बचतीतून पगाराच्या दहाव्या हिश्शापर्यंतच काढा, बाकीची तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे. दहा व्हिडिओ करा आणि लोक कुठवर पाहत थांबतात, हे दाखवणारा प्रत्येकाचा यूट्यूबवरचा आलेख पाहा. पहिल्या अर्ध्या मिनिटातच निम्मे लोक जात असतील, तर प्रस्तावना लांबतेय, ती कापा. मधेच एका जागी उतार दिसला, तर तिथली पायरी तुम्ही घाईत उरकलीत. दहा करूनही कंटाळा आला, तर माइक विकून टाका, नुकसान किरकोळ.

तरीही एजन्सीच हवी असेल, तर एकाच व्हिडिओची ऑर्डर द्या. करारात तीन गोष्टी लिहून घ्या : चॅनेलचं खातं तुमच्या ईमेलवर, प्रत्येक क्लिपचा आणि संगीताचा परवाना तुमच्या नावावर, आणि स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाला न विकण्याची हमी. तिसऱ्या अटीला ते काय म्हणतात, ते मला नक्की कळवा.