ठेंगण्या कर्णधाराच्या कथेबद्दल

तुमच्या कथेचा खर्डा दोनदा वाचला. शेवटच्या मिनिटाला नायिका गडी बाद करते आणि टाळ्यांच्या गजरात तिला कर्णधार केले जाते, तिथे कथा मला पटेनाशी झाली; एक गडी टिपल्याने चांगली खेळाडू ठरेल, पण कर्णधार होण्यासाठी तिला संघातले काहीतरी इतरांआधी दिसलेले असावे लागते.

तुम्ही खो-खो निवडलात हे बरे झाले, कारण ही संधी त्या खेळातच आहे. आक्रमणाच्या वेळी आठ जणी चौकटींत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. तिथे बसल्या बसल्या तुमच्या मुलीला दिसू द्या, की तिला रोज ‘टिंगू’ म्हणणारी उंच मुलगी खो मिळण्याआधीच उठते, पंचांची शिट्टी वाजते आणि हाताशी आलेला गडी निसटतो. दुसऱ्या दिवशीच्या सरावात तिने एवढेच म्हणावे, “अगं, नुसत्या चाहुलीने उठू नकोस, पाठीला हात लागून खो ऐकू येईपर्यंत थांब.” त्यावर ती मुलगी हसेल, पण पुढच्या डावात थांबेल, आणि हे बाईंच्या नजरेतून सुटणार नाही.

चिडवण्याचे प्रसंग मात्र पाचांवरून एकावर आणा. बुटकेपणामुळे ती सहज हुलकावणी देते, हेही एका ओळीत उरका. शेवट बचावाच्या क्रमावर करता येईल: तिघी-तिघींच्या तुकड्यांची यादी ती स्वतः लिहिते आणि पहिल्या तुकडीत त्या उंच मुलीचे नाव घालते.