सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस: मुद्द्यांचे विषय कसे करावेत?

प्रश्न: आमच्या 36 फ्लॅटच्या सोसायटीची वार्षिक सभा 6 सप्टेंबर 2026 ला घ्यायची ठरली आहे. अध्यक्षांनी व्हॉट्सॲपवर मुद्दे पाठवलेत: मागचं इतिवृत्त, हिशोब, ऑडिटर, लिफ्ट, पार्किंग, इतर. मी नवीन सचिव आहे. याची रीतसर नोटीस कशी लिहायची?

उत्तर:

मजकुराला हात घालण्यापूर्वी दिवस मोजून घ्यावेत. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण 14 दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि त्यात सूचना दिल्याचा दिवस व सभेचा दिवस हे दोन्ही धरले जात नाहीत. 23 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर हे आपले 14 दिवस होतात. म्हणजे 22 ऑगस्टला, शनिवारी, शेवटच्या सभासदाला सूचना मिळालेली असली पाहिजे. नोटिशीवर 17 ऑगस्ट तारीख टाकून लगेच वाटप सुरू केले, तर बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांना टपालाने पाठवायलाही अवधी मिळतो. सूचना फलकावर प्रत लावावीच, पण तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक सभासदाची सही पोच वहीत घ्यावी आणि ई-मेल केल्यास तो जपून ठेवावा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी घेणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे, सूचना सदोष ठरली तर नव्याने 14 दिवस मोजायला फारसा वाव उरत नाही.

आता मुद्द्यांकडे येऊ. 'हिशोब', 'लिफ्ट', 'पार्किंग' ही नुसती नावे आहेत. सभेने त्या बाबतीत नेमके काय करायचे आहे, हे वाचून सभासदाला कळले पाहिजे, कारण यायचे की नाही आणि कोणती तयारी करून यायचे हे तो त्यावरूनच ठरवतो. म्हणून प्रत्येक विषय 'कायम करणे', 'स्वीकारणे', 'नेमणूक करणे', 'निर्णय घेणे' अशा क्रियेवर संपवावा. 'माहिती देणे' असे लिहिलेल्या विषयावर नंतर खर्चाचा ठराव झाला, तर हरकत घेणाऱ्याची बाजू बळकट होते. आपल्या मुद्द्यांवरून मी पुढीलप्रमाणे मसुदा करीन:

«संस्थेच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेची सन 2025-26 या आर्थिक वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दिनांक 6 सप्टेंबर 2026 रोजी सकाळी 10.00 वाजता संस्थेच्या आवारात खालील विषयांवर विचार करण्यासाठी आयोजित केली आहे. तरी सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती.

1. मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
2. व्यवस्थापक समितीचा सन 2025-26 चा कार्य अहवाल, तसेच 31 मार्च 2026 अखेरचा लेखापरीक्षित ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक स्वीकारणे.
3. सन 2025-26 च्या लेखापरीक्षण अहवालाची व त्यावरील दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे.
4. सन 2026-27 साठी शासनमान्य नामतालिकेतून वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक करणे व त्यांचे मानधन ठरविणे.
5. इमारतीच्या दोन्ही लिफ्ट बदलण्याच्या कामाबाबत, त्याच्या खर्चाबाबत व निधी उभारणीबाबत विचार करून निर्णय घेणे (मसुदा ठराव सोबत जोडला आहे).
6. वाहनतळाच्या उपलब्ध जागांचे सन 2026-27 साठी सोडतीद्वारे वाटप करण्याबाबत व त्याचे शुल्क ठरविण्याबाबत निर्णय घेणे.
7. मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या, पूर्वसूचनेची आवश्यकता नसलेल्या विषयांवर विचार करणे.»

आपल्या अध्यक्षांच्या 'हिशोब' या एका शब्दातून दोन विषय निघाले, हे लक्षात आले असेल. हिशोबपत्रके स्वीकारणे आणि लेखापरीक्षकांनी काढलेल्या दोषांवर समितीने काय केले ते सभेपुढे ठेवणे, या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी बहुतेक नोटिशींतून गळालेली असते. लेखापरीक्षकाच्या बाबतीत एवढेच पाहावे की तीच व्यक्ती किंवा फर्म लागोपाठ तीन वर्षांहून अधिक काळ नेमता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ पाचव्या विषयाला द्यावा, कारण वाद तिथेच होतो. समजा, समितीने तीन दरपत्रके मागवली आणि त्यांपैकी स्वीकारण्याजोगे दरपत्रक 14,40,000 रुपयांचे आहे. मग मसुदा ठराव असा लिहावा: «असे ठरविण्यात येते की, संस्थेच्या दोन्ही लिफ्ट बदलण्याचे काम जीएसटीसह रुपये 14,40,000 पर्यंतच्या खर्चात करून घेण्यास मंजुरी देण्यात येत असून, त्यापैकी रुपये 7,20,000 दुरुस्ती व देखभाल निधीतून आणि उर्वरित रुपये 7,20,000 प्रत्येक सदनिकेकडून रुपये 20,000 याप्रमाणे, रुपये 10,000 च्या दोन समान हप्त्यांत घेण्यात यावेत.» 

यातला 'पर्यंत' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे सभेत घासाघीस होऊन रक्कम खाली आली किंवा हप्ते बदलले, तरी निर्णय सूचनेच्या चौकटीतच राहतो. मात्र सभेत रक्कम वाढवायचे ठरले, तर न आलेल्या सभासदाला 'मला हे कळवलेच नव्हते' असे म्हणायला जागा मिळते. जीएसटीचा उल्लेखही याच कारणाने आवश्यक आहे, कारण करासहित आणि करविरहित रकमेतला फरक नंतर कोणाकडून वसूल करायचा, हा प्रश्न हमखास उभा राहतो. तळमजल्यावरील सभासद 'आम्ही लिफ्ट वापरत नाही' असे म्हणतील. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च, ती वापरोत वा न वापरोत, त्या इमारतीतील सर्व सभासदांत समान वाटला जातो, म्हणून मसुद्यात सरसकट 20,000 रुपये धरले आहेत. तिन्ही दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता नोटिशीला जोडला, तर सभेतला निम्मा वेळ वाचतो.

'इतर' या मुद्द्याबाबत मात्र ठाम राहावे. रंगकामाचा मोठा खर्च, देखभाल शुल्कातली वाढ किंवा उपविधींतील दुरुस्ती असा कोणताही विषय ऐनवेळी घेऊ नये. पुनर्विकासासाठी तर स्वतंत्र विशेष सभाच बोलवावी लागते. अध्यक्षांच्या मनात असे काही असेल, तर ते आजच विचारून घ्यावे आणि स्वतंत्र विषय म्हणून लिहावे.

विषयांच्या खाली एक टीप हवीच. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी कमी असेल ती धरतात. 36 चे दोन-तृतीयांश 24 होतात, म्हणून आपल्याला 20 सभासद लागतील, आणि रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते जमतीलच असे नाही. त्यासाठी असे लिहावे: «गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तहकूब सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी 10.30 वाजता घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.» हे वाक्य मूळ सूचनेत नसेल, तर 7 ते 30 दिवसांच्या आतली दुसरी तारीख शोधावी लागते. सभासदाच्या वतीने मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्या व्यक्तीस सभेत भाग घेता येत नाही, हेही त्याच टिपेत नमूद करावे.

शेवटी 'व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून' असे लिहून त्याखाली आपली सही, 'सचिव' हे पद, संस्थेचा शिक्का आणि दिनांक टाकावा. सभेची तारीख व विषय ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीतील ठरावाचा क्रमांक वरच्या बाजूस संदर्भ म्हणून द्यावा. तसा ठराव अजून झाला नसेल आणि सर्व काही व्हॉट्सॲपवरच ठरले असेल, तर नोटीस वाटण्याआधी समितीची बैठक घेऊन तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.