पावसात येणारा अर्थ फॉल्ट

फायर अलार्मच्या पॅनेलवर अर्थ फॉल्ट दिसला, म्हणजे एखादी तार कुठेतरी अर्थला टेकली, की लगेच इन्सुलेशन तपासायचा मेगर काढू नकोस. डिटेक्टर लूपवर असताना 500 व्होल्ट सोडलेस तर आतली सर्किटं जातील. आधी बिल्डिंगवाल्यांना सांगून ठेव, मग एकेका लूपची जाणारी आणि परतणारी, दोन्ही टोकं पॅनेलमधून सोडव. शील्डची तारही सोडव, कारण पुष्कळदा तीच बॅक बॉक्सच्या पत्र्याला टेकलेली असते. फॉल्ट जायला काही पॅनेल थोडा वेळ घेतात, तेवढं थांब.

समज, दुसरा लूप सोडवल्यावर फॉल्ट गेला. आता मल्टिमीटरने त्याची प्रत्येक तार अर्थशी मोज. आकडा स्थिर आणि अगदी कमी असेल तर बहुधा तार कुठेतरी सोललेली आहे: बॉक्सच्या धारेवर किंवा डिटेक्टरच्या बेसच्या स्क्रूखाली दबलेली. आकडा मात्र 40 किलोओहमच्या आसपास सारखा हलत असेल, फॉल्ट रात्री पावसात येऊन दुपारी जात असेल, तर ओल समज.

लूप मधल्या बेसवर तोड, दोन्ही बाजू मोज, खराब अर्धा पुन्हा तोड. ओलीचा संशय असेल तर गच्चीखालच्या मजल्यापासून बेस उघडायला लाग. टर्मिनलवर हिरवट थर दिसेल, कॉन्ड्युटच्या तोंडाशी पाण्याचा ओघळही. असा बेस पुसून परत लावू नकोस, बदल. कॉन्ड्युटमध्ये पाणी वरून कुठून शिरतंय ते बंद केलं नाहीस, तर नवा बेसही पुढच्या सरीला तेच दाखवेल.