"सॉरी गं, आज नाही जमणार"

"कॉलेजपासूनची मैत्रीण आहे. 'भेटू या' असं दर वेळी तीच म्हणते आणि मी घरातून निघणार तेवढ्यात तिचा मेसेज येतो, 'सॉरी गं, आज नाही जमणार.' तिच्या लेखी मला काही किंमतच नाही का? मैत्री तोडून टाकू?"

माझ्याकडे हे गाऱ्हाणं वरचेवर येतं, विशीतल्या मुलांपासून आजी झालेल्या बायकांपर्यंत. त्यांतली एक मुक्ता (नाव आणि तपशील बदलले आहेत). तिच्या मैत्रिणीला आपण वर्षा म्हणू. मुक्ताने बालगंधर्वला नाटकाची दोन तिकिटं काढली होती आणि पहिली घंटा झाल्यावर वर्षाचा मेसेज आला. नाटक न बघताच मुक्ता घरी परतली.

पहिल्या भेटीत ती वर्षाबद्दलच बोलत राहिली. दुसऱ्या भेटीत मी तिला व्हॉट्सॲप उघडायला सांगितलं. "तिचे मेसेज नकोत. तिने बेत मोडल्यावर तू काय लिहिलंस, तेवढंच मोठ्याने वाच."

मुक्ता वाचू लागली. "'चालेल गं, नो प्रॉब्लेम.' 'असू दे, पुढच्या वेळी.' नाटकाच्या दिवशी... 'अगं ठीक आहे, काळजी घे.' पुढे हसरा चेहरा." ती थांबली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला बऱ्याच वर्षांनी जमायला लागलंय.

"मॅडम, मी तिला कधी काही बोललेच नाहीये."

"का?"

"बोलायची काय गरज? एवढं कळायला नको तिला?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची आहे, त्यामुळे माझा कान असल्या वाक्यावर अडकतो. वर्षाने ठरलेला बेत पाळावा ही इच्छा रास्तच आहे. पण 'तिला न सांगता कळलंच पाहिजे' हा हट्ट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट मोडला की माणूस थेट 'मला किंमतच नाही' या निकालावर येतो आणि मग तोंड उघडणंच अवघड होतं, कारण उत्तर आपण आधीच ठरवलेलं असतं.

मग वर्षभरातले बेत आम्ही कागदावर मांडले. सकाळी तळजाईला फिरायला जाणं वर्षाने एकदाही चुकवलं नव्हतं. मुक्ताकडे दुपारी थालीपीठ खायला ती हमखास यायची. मोडले होते ते सगळे संध्याकाळचे बेत. मुक्ताला किंमत नसती, तर सकाळचेही मोडले असते. इथे तिचा निकाल पहिल्यांदा डळमळला.

बोलायचं ठरल्यावर आम्ही तालीम केली. मी वर्षा झाले. मुक्ताने सुरुवात केली, "तू नेहमी असंच करतेस..." आणि माझ्या तोंडून आपसूक आलं, "नेहमी? गेल्या रविवारी नव्हते का आले?" 'नेहमी' आणि 'कधीच नाही' यांनी भांडण आकड्यांवर जातं, हे तिला तिथेच दिसलं. शेवटी तिने ठरवलेलं वाक्य असं होतं: "नाटकाच्या दिवशी मी दाराशी उभी होते, एकटीने परत येताना फार वाईट वाटलं. जमणार नसेल तर आदल्या रात्री सांग. त्यानंतर कळलं तर मी तुझ्यासाठी थांबणार नाही, एकटी जाईन." हे बेत मोडलेल्या दिवशी बोलायचं नाही, राग ओसरल्यावर समोरासमोर बोलायचं. मेसेजवर तर नकोच.

तिने ते तळजाईच्या वाटेवर सांगितलं. वर्षा आधी चिडली, मग खरं बोलली. संध्याकाळी मुलाला सासूबाईंकडे ठेवायचं तर त्यांना विचारावं लागतं. ती उत्साहात 'हो' म्हणायची आणि विचारायचं मात्र त्या दिवसापर्यंत ढकलायची. सासूबाईंनी नाक मुरडलं की बेत मोडायचा. घरातलं हे सांगायची लाज, म्हणून नुसतं 'सॉरी गं'.

सगळ्यांच्या बाबतीत असं उकलत नाही. मी दोन गोष्टी बघायला सांगते. बेत मोडणारी व्यक्ती आपणहून दुसरा दिवस सुचवते का? सुचवत असेल आणि तो पाळत असेल, तर अडचण बहुधा वेळेची किंवा पैशाची असते. मग बेत लहान, जवळचा, बिनखर्चाचा करून बघावा. दुसरं म्हणजे, ती फक्त तुम्हालाच टाळते की सगळ्यांना? सगळ्यांना टाळत असेल, आवडीच्या गोष्टीही सोडल्या असतील, झोप-जेवण बिघडलं असेल, तर बेताचा विषय बाजूला ठेवून 'तू कशी आहेस?' हे विचारायला घरी जावं. लागलं तर डॉक्टरांकडे नेण्याची तयारी ठेवावी.

आणि स्पष्ट सांगूनही फक्त तुमच्याच वेळेची पर्वा नसेल, तर मैत्री तोडायलाच हवी असं नाही. तिच्या भरवशावर तिकीट काढायचं नाही, चार जणांच्या बेतात तिला बोलवायचं, आली तर आली. मुक्ताने नाटकाला एकटीने जाणंही करून पाहिलं. वर्षा आता लगेच 'हो' न म्हणता 'विचारून सांगते' म्हणते. त्याचाही मुक्ताला थोडा राग येतोच. त्यावर आमचं काम चालू आहे.