थेट विमानानं लेह : डायमॉक्स किती, आणि डेक्सा का नाही?

"जूनमध्ये मुंबईहून विमानानं लेहला जातोय, तिसऱ्या दिवशी पँगाँग. सोबत आई आहे, वय ६१. डायमॉक्स घ्यायची का, किती? दुसऱ्या कुठल्या गोळ्या जवळ ठेवू?"

मी फिजिशियन आहे आणि लडाखला बऱ्याचदा गटांसोबत गेलोय. डायमॉक्स उंचीचा त्रास टाळायला घेतात; तुमच्या बेतात हो, घ्या. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि विमान तुम्हाला दोन-तीन तासांत तिथे उतरवतं. डायमॉक्सची गोळी बहुधा २५० मिलिग्रॅमची मिळते; सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, निघायच्या आदल्या दिवसापासून. पँगाँगहून परत लेहला येईपर्यंत चालू ठेवा. ही गोळी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आम्लधर्मी होतं, त्यामुळे झोपेतही श्वास जास्त घेतला जातो. म्हणजे शरीर जे तीन-चार दिवसांत करतं, ते ती लवकर करवते. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो. त्याला घाबरू नका. आईंना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा त्या रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेत असतील, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी, मात्र "जरा बरं वाटावं" म्हणून कुणी दिली तर घेऊ नका. आमच्या गटातल्या पन्नाशीच्या गृहस्थांना पँगाँगला, ४,२५० मीटरवर, रात्री डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. कुणीतरी ही गोळी दिली. सकाळी ते ताजेतवाने, पुढे हानलेला जायचा हट्ट. त्यांनी पुढची गोळी घेतली नाही आणि दुपारी डोकं पुन्हा ठणकू लागलं. मी त्यांना एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला तोल गेला. दारू न पिता माणूस असा झोकांडत असेल, तर मेंदूला सूज आली आहे असंच धरायचं. डेक्सा आजार लपवते, शरीराला उंचीची सवय लावत नाही, आणि ती थांबवली की त्रास उलटतो.

अशा वेळी मात्र तीच गोळी जीव वाचवते : एकदम ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४, आणि त्याच क्षणी खाली उतरणं. पँगाँगची पंचाईत अशी, की लेहकडे परतताना आधी चांग ला, म्हणजे ५,३०० मीटरच्या वर चढावं लागतं. आम्ही त्यांना सतत ऑक्सिजन देत ती खिंड ओलांडली आणि रात्री लेहच्या रुग्णालयात पोचलो. म्हणून गाडीत भरलेलं सिलिंडर आहे ना, हे निघण्यापूर्वी स्वतः उघडून पाहा.

दुसरी धोक्याची खूण छातीची : बसल्या जागी धाप, आडवं झालं की वाढणारा खोकला, गुलाबी फेस. तेव्हाही ऑक्सिजन आणि लगेच उतरणं. निफेडिपिन त्यासाठीच वापरतात, पण रक्तदाब एकदम पडू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आईंना देऊ नका.

साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालेल, झोपेची गोळी आणि दारू नको. आणि पँगाँग तिसऱ्या दिवशी नको, पाचव्या दिवशी ठेवा. पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम, मग नुब्रा; तिथलं हुंडर लेहपेक्षा खालीच आहे.