सहा फसले तेव्हा सातवा धोंडस, आणि खाली "पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या"

"मॅडम, मी घरी केक करते, कधी वॉटरकलर पण. फोटो चांगला येतो पण खाली काय लिहायचं तेच कळत नाही. चांगलं लिहिलं तर लोक म्हणतील शायनिंग मारते, म्हणून मग 'जमलं तसं केलं' असं टाकते आणि नंतर स्वतःचाच राग येतो. मी ओव्हरथिंक करतेय का?"

थोडंसं करताय, पण त्यात वेड्यासारखं काही नाही. मागच्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी मालवणकडच्या एक ताई यायच्या, त्यांची गोष्टच सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्या आल्या होत्या खरं तर झोप लागत नाही म्हणून, कॅप्शनचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, तोही जाता जाता, चप्पल घालताना. (लोक खरं दुखणं नेहमी चप्पल घालतानाच सांगतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.)

झालं असं की त्यांनी धोंडस केलं होतं. बाहेरच्यांसाठी सांगते, धोंडस म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, पावसाळा सरताना मोठी जून तवशी निघतात त्यांचा. किसलेलं तवसं, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चवीला मीठ. पूर्वी चुलीवर व्हायचं, खाली मंद जाळ आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. ताईंनी ते गॅसवर, जाड बुडाच्या टोपात, खाली तवा ठेवून केलं होतं आणि निखारे मात्र खरेच ठेवले होते झाकणावर. फोटो मी पाहिला, वरून छान तांबूस, कडा सुटलेल्या, कापलेला तुकडा उभा राहतोय. ज्याने एकदा तरी धोंडस केलंय त्याला कळेल, तुकडा उभा राहणं म्हणजे काय ते. आणि खाली कॅप्शन काय, तर "पहिलाच प्रयत्न, नीट जमलं नाही, सांभाळून घ्या" आणि हात जोडलेला इमोजी.

मी विचारलं, पहिलाच प्रयत्न? म्हणाल्या, नाही मॅडम, सातवा.

म्हणजे बघा, नम्रपणाच्या नावाखाली सरळ खोटं लिहिलं होतं. आणि त्याचं फळ काय मिळालं ते फार बघण्यासारखं होतं, त्यांनी मोबाईल पुढे केला. चारपाच जणींनी "नाही गं, छान दिसतंय" म्हणून समजूत घातलेली, एका मावशींनी "गूळ जास्त झाला वाटतं, रंगावरून कळतंय", आणि कुणीतरी "पुढच्या वेळी ओव्हन वापर, नीट होईल". ताई दुखावल्या होत्या, की लोक कसे चुका काढतात. पण मला त्या मावशींची दया आली. त्यांना सांगितलं होतं ना की नीट जमलं नाही, मग त्या बिचाऱ्या काय जमलं नाही ते शोधत बसल्या! माफी मागणारं कॅप्शन वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते दाखवतं. तुकडा उभा राहिलाय तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आमच्या भाषेत याला सुरक्षिततेसाठी केलेलं वागणं म्हणतात. दुसऱ्याने टोचायच्या आधी आपणच टोचून घ्यायचं, म्हणजे दुखणार नाही असं वाटतं. त्या क्षणी खरंच बरं वाटतं, म्हणून तर ती सवय लागते. पण त्यातून एक गोष्ट कधीच कळत नाही, की आपण टोचून घेतलं नसतं तर लोकांनी टोचलं असतं का? ते तपासायची संधीच जाते, आणि भीती तिथेच राहते, जशीच्या तशी.

दुसऱ्या टोकाचं कॅप्शन पण ताईंनी एकदा ट्राय केलं होतं, वर्षभरापूर्वी, नारळाच्या वड्यांच्या फोटोखाली. "सगळ्या मागतायत करून दे करून दे, वैताग आलाय, मी काय एवढी ग्रेट नाही हो!" तक्रारीत गुंडाळलेली बढाई. या प्रकारावर 2018 मध्ये ओवुल सेझर आणि तिच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलंय, की असं बोलणारा माणूस सरळसरळ बढाई मारणाऱ्यापेक्षाही कमी आवडतो, कारण तो मनापासून बोलतोय असं वाटत नाही. आपल्या आज्यांना हे संशोधनाशिवायच कळत होतं म्हणा. वड्यांच्या त्या पोस्टवर फक्त अंगठे आले होते.

मग मी त्यांना म्हटलं, कॅप्शन सोडा, मला सांगा सहा वेळा काय झालं. आणि बाई अशा खुलल्या! मधोमध चिकट राहायचं. कडेने सुरेख आणि मधे शिरा. त्यांनी आधी रवा वाढवून बघितला तर घट्ट दगड झाला, मग आच वाढवली तर खालून करपलं आणि मधे तरी कच्चंच. शेवटी आईला फोन केला, आई म्हणाली, अगं तवशाला पाणी किती सुटतंय बघ, आधी गुळाबरोबर आटव, मग रवा घालून अर्धा तास झाकून ठेव म्हणजे रवा फुगेल, आणि काढल्या काढल्या कापू नको. या सातव्या वेळी त्यांनी पूर्ण गार होईपर्यंत, चांगले दोन तास, टोपाला हातच लावला नाही. हे सगळं त्यांनी मला दहा मिनिटं सांगितलं, न थांबता, हातवारे करून, आणि त्यात एकदाही "मी काही एवढी भारी नाही" आलं नाही आणि "मी किती भारी" पण आलं नाही.

मी वहीत लिहून घेत होते. वही त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं हे घ्या तुमचं कॅप्शन, आता फक्त छोटं करा. अभिमान दाखवायला स्वतःला मोठं म्हणावं लागत नाही, काय अडलं होतं आणि ते कसं सुटलं एवढं सांगितलं की वाचणाऱ्याला कष्ट दिसतात. आणि नम्रपणासाठी केलेल्या वस्तूला नावं ठेवायची गरज नाही, ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव घेतलं की झालं. तुमच्या वॉटरकलरला पण हेच लागू, कुणाचा फोटो किंवा व्हिडिओ बघून काढलं असेल तर ते लिहा, त्याने चित्र लहान होत नाही. फक्त विकायला ठेवलेल्या केकचा फोटो असेल तर वेगळं, तिथे गिऱ्हाइकाला वजन, अंडं आहे की नाही आणि भाव हवा असतो, तुमचा प्रवास नंतर.

तर ताईंनी लिहिलं ते असं:

"धोंडस, सातव्यांदा. सहा वेळा मधे चिकट राहिलं. या वेळी आईने सांगितलं तसं तवशाचं पाणी आधी आटवलं आणि पूर्ण गार झाल्यावरच सुरी लावली. खालची बाजू अजून जरा जास्तच भाजते."

शेवटच्या वाक्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं ते काढा, परत कमीपणा घेताय. त्या म्हणाल्या नाही मॅडम, ते खरंच आहे आणि मला ते सुधारायचंय. मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा नाही म्हटलं. राहू दिलं.

टाकायच्या आधी एक काम करून घेतलं, तेच खरं महत्त्वाचं होतं. कागदावर लिहायला लावलं की आता काय होईल असं वाटतंय, कोण काय बोलेल, आणि किती खात्री. त्यांनी लिहिलं: जाऊबाई टोमणा मारणार, "काय गो, मोठी शेफ झालंस", खात्री 80 टक्के. गावाकडच्या ग्रुपमधल्या कुणीतरी हसणार, 60 टक्के. आणि मला पोस्ट डिलीट करावीशी वाटेल, 100 टक्के. इन्स्टाग्रामवर न टाकता व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवायला सांगितलं, कारण ते 24 तासांनी आपोआप जातं, आणि कुणाला दिसावं ते निवडता येतं. पण जाऊबाईंना लपवायचं नाही अशी माझी अट होती, ज्याची भीती तोच वगळला तर मग तपासलं काय? आणि सारखं उघडून कोणी बघितलं ते मोजायचं नाही, फक्त रात्री एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा.

पुढच्या भेटीत तोच कागद घेऊन आल्या. 46 जणांनी बघितलं होतं, नऊ जणांची उत्तरं. पाच जणांनी पाण्याचं नक्की काय केलंस ते विचारलेलं, म्हणजे कौतुकाच्या ऐवजी प्रश्न, आणि ताईंना ते कौतुकापेक्षा जास्त आवडलं. कुणी हसलं नाही. डिलीट करावंसं वाटलं होतं, पण रात्री जेवणं होईपर्यंतच. आणि ज्या वाक्यावर मी अडून बसले होते त्यावर वेंगुर्ल्याच्या एका आजींचा व्हॉइस मेसेज, की बाय, टोपाच्या तळाला हळदीचं पान घाल, लागायचं नाही आणि वास पण येईल. माझं चुकलं होतं. उणीव माहिती म्हणून सांगितली तर लोक मदत करतात, माफी म्हणून सांगितली तर समजूत घालतात, हा फरक मला त्या दिवशी ताईंनी शिकवला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल एवढंच, की कॅप्शनवर दहा पंधरा मिनिटं घालवणं हे काही ओव्हरथिंकिंग नाही. पण टाकलेलं दर वेळी काढून टाकताय, रात्री उठून कमेंट बघताय, किंवा या धाकाने केक करणंच बंद झालंय, चारचौघांत बोलायचं पण टाळताय, तर मग तो कॅप्शनचा प्रश्न राहिला नाही, जवळच्या समुपदेशकाला भेटा किंवा टेलिमानसच्या 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे. ताईंची झोप त्या दिवशीच सुधारली वगैरे काही नाही हं, त्याला वेगळी कारणं होती आणि वेगळे महिने लागले.

जाऊबाईंचं राहिलंच. त्यांचं उत्तर आलं होतं, एकच ओळ. "माका ठेवलं नाय काय?" ताईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, मॅडम, हा टोमणा आहे की नाही? 80 टक्क्यांत धरायचा का? मी दोनदा वाचलं, मला पण कळेना. म्हटलं, तुकडा उरलाय का? उरला होता, फ्रिजमध्ये. त्या संध्याकाळी डब्यात घालून घेऊन गेल्या.