‘काही हरकत नाही’ असे आता लिहू नका

ताई, मी नाशिकरोडला राहते, वय ४१. कॉलेजपासूनची माझी जिवलग मैत्रीण गंगापूर रोडला राहते. गेल्या तीन महिन्यांत तिने चार वेळा ऐन वेळी भेट रद्द केली. परवा कालिदास कलामंदिरात नाटकाची दोन तिकिटे काढली होती. मी दारात पोहोचले आणि तिचा निरोप आला, ‘अगं, आज नाही जमणार, सॉरी.’ मी ‘काही हरकत नाही’ असे लिहिले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवून एकटीनेच नाटक पाहिले. भेट ठरवणारी दर वेळी मीच असते. दोन वर्षांपूर्वी वडील अ‍ॅडमिट होते, तेव्हा मात्र हीच रात्रभर माझ्याजवळ बसली होती. तिला हे कसे सांगू? सांगितले तर मैत्री तुटेल का?
– एक वाचक

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातले ‘काही हरकत नाही’ हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण माझ्या मते अडचणीची गाठ तिथेच आहे. तुम्हाला हरकत होती, चांगलीच होती, आणि तरीही मैत्रिणीला चारही वेळा नेमका उलटा निरोप मिळाला. तिच्या बाजूने पाहिले, तर घरात काही अडचण आली की सर्वांत आधी तीच भेट मोडायची, जिथे कोणी रागावत नाही. सासूबाई नाराज होतील, मुलाचा क्लास बुडेल, कार्यालयातले साहेब बोलतील, पण तुम्ही समजून घ्याल, हे तिला पक्के ठाऊक आहे. हे तिचे वागणे योग्य आहे असे मी म्हणत नाही. मात्र तिला तुमच्या मनातले कळायला आजवर काही मार्गच नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे बोलताना तुमच्या स्वरात आरोप कमी येईल.

बोलण्यापूर्वी एकदा त्या चारही वेळा आठवून पाहा. भेट रद्द केल्यावर तिने स्वतःहून दुसरा दिवस सुचवला होता का? भेट ठरवताना ती मनापासून ‘येते’ म्हणाली होती, की तुमच्या आग्रहाला भिडेखातर हो म्हणाली होती? काही माणसांना समोरच्याला नाही म्हणणे इतके जड जाते, की ती आज हो म्हणतात आणि नकार शेवटच्या तासावर ढकलतात. तुमची मैत्रीण तशी असेल, तर तिला लवकर नाही म्हणण्याची मोकळीक हवी आहे, आणि ती तुम्हीच देऊ शकता. दुसरा दिवस तिने एकदाही सुचवला नसेल, तर मात्र दुखणे खोल आहे, आणि ते तसेच मांडावे लागेल. इस्पितळातली ती रात्र मला मोलाची वाटते. संकटात धावून येणे तिला जमते, पण साध्या आनंदाच्या भेटीला ती तेवढे वजन देत नाही, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. मैत्री संपली आहे, असा तो निघत नाही.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. मी एकदा माझ्या जवळच्या मैत्रिणीला रात्री अकरा वाजता असाच लांबलचक मजकूर पाठवला होता. तिचे ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर आले आणि पुढे कित्येक महिने आम्ही दोघीही त्या दोन शब्दांभोवती अडकून राहिलो. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि वाचणारी व्यक्ती त्याला स्वतःच्या अपराधीपणाचा आवाज देते. भेट मोडली त्याच दिवशीही बोलू नका. तीन-चार दिवस जाऊ द्या, आणि मग ‘मला तुझ्याशी थोडे बोलायचे आहे, शनिवारी सकाळी तुझ्या घराजवळ येते, अर्धा तास पुरे’ असे तिला कळवा. द्वारका चौकातली वाहतूक ओलांडून तुम्हाला जावे लागेल, हे मला कळते. पण या एका भेटीपुरते तिच्याकडे न येण्याचे कारण उरू देऊ नका. तेवढ्यानेही ती आली नाही, तर हेच बोलणे फोनवर करा, पण आवाजातच करा.

बोलताना एकाच प्रसंगावर राहा, आणि तो नाटकाचाच असू द्या, कारण तो ताजा आहे आणि त्यात तुमचे काय गेले ते तिला दिसू शकेल. साधारण असे म्हणता येईल: ‘त्या दिवशी मी काही हरकत नाही असे लिहिले, ते खरे नव्हते. मी दारात उभी होते, तुझे तिकीट माझ्या हातात होते, आणि आत तुझ्या खुर्चीवर पर्स ठेवून बसताना मला फार वाईट वाटले. असे चार वेळा झाले आहे. भेटायची ओढ मला एकटीलाच आहे की काय, असे मला वाटू लागले आहे. तसे आहे का, हे मला तुझ्याकडून ऐकायचे आहे.’ एवढे बोलून थांबा. ‘तू नेहमीच असे करतेस’, ‘तुला माझी कधीच पर्वा नव्हती’ अशी वाक्ये टाळा, कारण ती खोडून काढायला तिला एकच जुना प्रसंग पुरेल, आणि तो प्रसंग म्हणजे इस्पितळातली रात्र असेल. दोघींच्या ओळखीच्या इतर मैत्रिणींची नावेही मध्ये आणू नका.

ती रडेल किंवा ‘माझ्या घरचे तुला काय ठाऊक’ असे म्हणेल, तर ते शांतपणे ऐका, विचारा, आणि जे कळेल त्यावर विश्वास ठेवा. कदाचित घरात असे काही चालू असेल, जे तिने तुमच्यापासूनही लपवले आहे. पण ऐकून झाल्यावर ‘जाऊ दे, विसर सगळे’ असे मात्र म्हणू नका. त्या एका वाक्याने तुम्ही पुन्हा पहिल्या जागी येऊन बसाल. तिची अडचण खरी आणि तुमचे दुःखही खरे, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करता येते.

शेवटी एक मागणी नेमकी ठेवा. ‘जमणार नसेल, तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांग, मला राग येणार नाही. आणि ज्या वेळी तू रद्द करशील, त्या वेळी पुढचा दिवस तूच ठरव.’ यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण दर वेळी ठरवण्याचे जे ओझे तुमच्यावर पडले आहे, ते त्यामुळे वाटले जाते. त्यानंतरच्या दोन-तीन भेटी लहान ठेवा, म्हणजे तिच्या भागात एखाद्या रविवारी सकाळची मिसळ किंवा सोमेश्वरला तासभर फेरफटका. तिकिटे सध्या काढू नका. आजारपण कोणाला चुकत नाही, त्यामुळे ती एकदाही रद्द करणार नाही अशी अपेक्षा धरू नका. निरोप लवकर येतो का आणि त्यासोबत दुसरा दिवस येतो का, एवढेच पाहा.

मैत्री तुटेल का, याची हमी मला देता येत नाही. दोन-तीन महिन्यांनीही तेच चालू राहिले, तर तिच्याशी फोनवरची जवळीक ठेवा, अडीअडचणीला एकमेकींना हाक मारा, पण तिच्या येण्यावर अवलंबून असलेले बेत आखणे बंद करा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे जायचे असेल तर शेजारणीला किंवा बहिणीला सोबत घ्या, आणि मैत्रिणीला फक्त एवढे कळवा: ‘आम्ही सातला निघतो आहोत, तुला जमले तर थेट घाटावर ये.’

तुमची,
ताई